पट्टीवरचा एक आकडा पुसला गेला, तर तो कसा काढायचा?

व्हिडिओत फळ्यावर केलेला हिशोब पुष्कळांना सावकाश वाचायला हवा होता. म्हणून तोच इथे लिहून देतो. पेन आणि वही जवळ घ्या.

आपल्या आटपाडीच्या बाजार समितीत डाळिंबाचे सौदे निघतात. समजा तुम्ही तिथून माल घेऊन, निवडून, पॅक करून पुढे विकायचा धंदा सुरू केलाय. आज सहा लॉट घेतले. आडत्याने हिशोबपट्टी दिली, ती खिशात भिजली आणि चौथ्या लॉटचं वजन आणि रक्कम वाचता येईना. दर मात्र दिसतोय. पट्टी अशी आहे:

- लॉट १: ११८ किलो, दर ९५, रक्कम ११,२१०
- लॉट २: ८४ किलो, दर ११०, रक्कम ९,२४०
- लॉट ३: १३६ किलो, दर ७०, रक्कम ९,५२०
- लॉट ४: वजन पुसलेलं, दर १२०, रक्कम पुसलेली
- लॉट ५: ९७ किलो, दर ८५, रक्कम ८,२४५
- लॉट ६: १५२ किलो, दर ४८, रक्कम ७,२९६
- एकूण वजन: ६६० किलो
- हमाली-तोलाई: ६४०
- एकूण देय: ५४,९११

चौथा लॉट सगळ्यात भारी दराचा आहे. तो किती किलो होता आणि कितीला पडला हे कळल्याशिवाय उद्या त्याचा विक्रीदर ठरवता येणार नाही.

पायरी १: बेरीज नक्की कशाची आहे ते बघा

रीत सोपी आहे. माहीत असलेल्या रकमांची बेरीज करायची आणि ती एकूण रकमेतून वजा करायची. पाच लॉटची बेरीज होते ४५,५११.

बरेच जण इथे लगेच ५४,९११ मधून वजाबाकी करतात आणि ९,४०० उत्तर काढतात. पण ५४,९११ ही नुसत्या मालाची बेरीज नाही. तिच्यात हमाली-तोलाईचे ६४० आहेत. ते आधी बाजूला काढा: ५४,९११ − ६४० = ५४,२७१. आता ५४,२७१ − ४५,५११ = ८,७६०.

ज्या ओळी यादीत धरल्या, त्याच ओळींची बेरीज वर घ्यायची. यादी मालाची आणि बेरीज माल अधिक खर्चाची असली, की तो सगळा खर्च हरवलेल्या ओळीच्या डोक्यावर बसतो.

पायरी २: दुसऱ्या वाटेने पडताळा

वजनाचीही तशीच वजाबाकी करा. पाच लॉटचं वजन ५८७ किलो, एकूण ६६०, म्हणजे चौथा लॉट ७३ किलो. आणि ७३ × १२० = ८,७६०. दोन वाटांनी एकच उत्तर आलं, आता त्यावर विसंबायला हरकत नाही.

९,४०० हे उत्तर इथेच उघडं पडलं असतं. ९,४०० ला १२० ने भागलं तर ७८.३३ किलो येतात. बाकी सगळी वजनं पूर्ण किलोत असताना हेच एक अपूर्णांकात का, हा प्रश्न पडायलाच हवा.

फरकाने काढलेला आकडा चूक लपवतो

या लेखातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ती ही. समजा वहीत उतरवताना तुम्ही लॉट २ चे ९,२४० ऐवजी ९,४२० लिहिले. मग पाच लॉटची बेरीज ४५,६९१ होते आणि चौथ्या लॉटला येतात ८,५८०. आता वहीतली सगळी बेरीज करून बघा, बरोब्बर ५४,२७१! पण वहीत दोन ओळी चुकीच्या आहेत.

असं का होतं? कारण चौथी ओळ आपण बेरीज जुळावी म्हणूनच भरली. ती जुळणारच! म्हणून 'बेरीज जुळली' हा इथे पुरावा होत नाही. दुसरी कुठलीही ओळ चुकली, तर ती चूक गुपचूप हरवलेल्या ओळीत जाऊन बसते.

चूक सापडते ती वजन × दर या दुसऱ्या वाटेनेच. ८,७६० यायला हवे होते, आले ८,५८०. फरक १८०. या फरकाला ९ ने भागून बघा. नि:शेष भाग गेला, तर शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले असण्याची शक्यता मोठी. शतक आणि दशक यांची अदलाबदल झाली, तर फरक त्या दोन अंकांमधल्या अंतराच्या ९० पट येतो. इथे १८० आहे, म्हणजे अंतर २. वहीत असे आकडे दोनच, ९,४२० आणि ८,२४५. सगळी यादी तपासायच्या ऐवजी हे दोन पट्टीशी ताडून बघा, चूक लगेच सापडेल. मात्र ९ ने भाग जाणं ही खूण आहे, खात्री नव्हे. दुसऱ्या चुकीचा फरकही योगायोगाने तसा येऊ शकतो.

दोन ओळी पुसल्या असतील तर?

एका वजाबाकीतून एकच आकडा निघतो. लॉट ४ आणि ६ दोन्ही पुसले असते, तर दोघांचे मिळून १६,०५६ एवढंच कळलं असतं. कोणाचे किती, ते अंदाजाने वाटू नका. दुसरी स्वतंत्र बेरीज, म्हणजे इथे एकूण वजन, आणि दोन्ही दर हातात असतील तरच ते सुटतं. नाहीतर आडत्याकडे पट्टीची दुसरी प्रत मागा.

मोबाईलवर शीट वापरत असाल तर

लॉटच्या रकमा `B2` ते `B7` मध्ये आणि मालाची बेरीज `B8` मध्ये असेल, तर `B5` मध्ये हे लिहा:

```
=B8-SUM(B2:B4,B6:B7)
```

`B8` मध्ये पट्टीवरचा आकडा हाताने टाकायचा, तिथे पुन्हा बेरजेचं सूत्र घालायचं नाही. नाहीतर दोन्ही खाने एकमेकांवर अवलंबून राहतात आणि शीट चूक दाखवते. आणि एखादी रक्कम खान्यात डावीकडे चिकटलेली दिसली तर थांबा. ती बहुधा आकडा नसून मजकूर म्हणून बसली आहे. `SUM` ती मोजत नाही, आणि ती सगळी रक्कम हरवलेल्या ओळीत जाते.

वहीत अशा आकड्यापुढे 'फरकाने' असं लिहून ठेवा. दुसरी प्रत मिळाली की ताडून तो शेरा खोडा.

सरावासाठी

भज्यांचा गाडा. सकाळी गल्ल्यात १,५००, दिवसाची विक्री ६,८५०, संध्याकाळी गल्ल्यात ५,२४०. सगळा खर्च गल्ल्यातूनच केला. लिहिलेला खर्च: तेल १,२६०, बेसन ८४०, मजुरी ४००. एक खर्च लिहायचा राहिला. तो किती?

१,५०० + ६,८५० − ५,२४० = ३,११० एकूण खर्च, त्यातून २,५०० वजा, म्हणजे ६१०. असंच आलं ना? आता एक माहिती वाढवतो: विक्रीपैकी ३५० रुपये गिऱ्हाइकांनी क्यूआर कोडवर दिले होते, ते गल्ल्यात आलेच नाहीत. मग राहिलेला खर्च किती? उत्तर २६०. कसं आलं, ते वहीत मांडून बघा.