अर्धपोटी बॅटरी आणि लेड कार्बनचा उपाय



बंदी उठली की ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आमच्याकडे एक तक्रार ठरलेली असते: "सेक्रेटरी, बॅटरी बसली." यंदा आमच्या एका होडीवाल्या सभासदाची १२ व्होल्ट १०० एएचची पाणीवाली बॅटरी चौदा महिन्यांतच गेली. दुकानदाराने त्यांना सांगितलं, आता लेड कार्बन घ्या, ती कधी सल्फेट होत नाही. भाव ऐकून ते थेट कचेरीत आले आणि म्हणाले, हे खरं की धंद्याची बोलणी? आम्ही त्यांच्याबरोबर बसून हिशेब मांडला. तोच इथे देतो, कारण अर्ध्याअधिक होड्यांची हीच कथा आहे.

त्यांचं औटबोर्ड इंजिन दोरीने चालू होणारं. त्यातून बॅटरीला काही मिळत नाही. ताडपत्रीच्या मांडवावर १०० वॅटचं सोलर पॅनल आहे, तेवढाच आधार. रात्री जीपीएस, फिश फायंडर, व्हीएचएफ आणि दिवे मिळून सरासरी ४ अँपिअर ओढतात. नऊ तास धरले तर ३६ एएच खर्च. पॅनल दिवसभरात जे देतं त्यातलं बॅटरीत टिकतं साधारण २० एएच, कारण होडी ओढून ठेवतात ती माडाच्या सावलीत आणि पॅनलवर ऊन पडतं अकरानंतर.

आता सलग तीन रात्री दर्यात गेलात असं धरा. पहिल्या रात्रीनंतर बॅटरीत ६४ उरले, दिवसाने ८४ केले. दुसऱ्या रात्री ४८, दिवसाने ६८. तिसऱ्या रात्री ३२. चौथ्या दिवशी वारा आहे म्हणून घरी राहिलात तर ५२. दिवा लागतो, जीपीएस चालतं, म्हणून बॅटरी ठीक आहे असं वाटतं. पण महिनोन् महिने ती पोटभर जेवलेलीच नाही. त्यात ३१ मेला होडी वर घेतली आणि तीच अर्धी भरलेली बॅटरी कोपऱ्यात ठेवली, दोन महिने.

आत काय घडलं ते नीट समजून घेतलं पाहिजे. बॅटरीतल्या पॉझिटिव्ह प्लेटीवर शिशाचा ऑक्साईड असतो, निगेटिव्ह प्लेटीवर स्पंजासारखं सच्छिद्र शिसं. बॅटरी खर्च होते तेव्हा दोन्ही प्लेटींवर ॲसिडातून लेड सल्फेट जमतं आणि ॲसिड पातळ होतं. हा दोष नव्हे, बॅटरीचं कामच असं चालतं. चार्ज केलं की सल्फेट विरघळून परत शिसं आणि ॲसिड होतं. ताजं सल्फेट बारीक दाण्याचं असतं, ते पटकन विरघळतं.

पण ते तसंच पडून राहिलं तर? मिठागरात ज्यांनी काम पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. खारं पाणी न हलवता ठेवलं की मिठाचा खडा मोठा होत जातो. इथे तसंच: बारीक दाणे विरघळतात आणि त्यांचा माल मोठ्या दाण्यांवर जाऊन बसतो. दाणा मोठा आणि कडक होतो. बारीक मीठ पाण्यात टाकताच दिसेनासं होतं, खडेमीठ तळाशी बसून राहतं, तसा हा मोठा दाणा चार्जिंगला दाद देत नाही. यालाच सल्फेशन म्हणतात. शिवाय लेड सल्फेटमधून वीज वाहत नाही. निगेटिव्ह प्लेटीवर त्याचं कवच बसलं की मागच्या शिशापर्यंत करंट पोचत नाही. मग चार्जर देतो ती वीज सल्फेट मोडण्याऐवजी पाणी फोडण्यात जाते, बुडबुडे येतात, व्होल्टेज भराभर चढतं आणि चार्जर म्हणतो, फुल्ल. सभासदाच्या बॅटरीचं हेच झालं होतं. दीड तासात चार्जर बंद, पण हायड्रोमीटर घातला तर ॲसिड अजून पातळच, आणि दिवा लावताच व्होल्टेज खाली. "लवकर भरते, लवकर संपते" असं कुणी सांगितलं की आम्ही आधी सल्फेशनच धरतो.

कार्बन कामाला येतो तो या निगेटिव्ह प्लेटीवर. साध्या बॅटरीच्या निगेटिव्ह पेस्टमध्येही थोडा कार्बन असतोच, वजनाने सुमारे ०.२ ते ०.३ टक्के. लेड कार्बनमध्ये तो वाढवून साधारण १ ते २ टक्क्यांच्या घरात नेतात, काही ठिकाणी त्याहून जास्त. आकडा लहान दिसतो, पण कार्बन शिशाच्या मानाने फार हलका, त्यामुळे एवढ्यातही पेस्टभर त्याचे कण पसरतात. कार्बनमधून वीज वाहते. सल्फेटचे दाणे जमले तरी त्यांच्या मधूनमधून कार्बनची वाट शिल्लक राहते आणि चार्जिंगचा करंट आतवर पोचतो. दुसरं, प्लेटीच्या छिद्रांत कार्बनचे कण अडून बसल्यामुळे सल्फेटच्या दाण्याला मोठं व्हायला जागाच कमी मिळते. ॲक्टिव्हेटेड कार्बन असेल तर तो एकदम आलेला करंट थोडा वेळ आपल्या अंगावर झेलतो, पण त्याचा उपयोग घडीघडी बंद-चालू होणाऱ्या मोटारींना जास्त, आपल्या होडीला कमी. या कारणांपैकी कुठलं किती महत्त्वाचं यावर संशोधकांचं अजून पूर्ण एकमत नाही.

ही नुसती दुकानदारांची गोष्ट नाही. निगेटिव्ह प्लेटीत कार्बन वाढवला की अर्ध्या चार्जवर चालणारी बॅटरी जास्त टिकते, हे जपानी संशोधकांनी १९९०च्या दशकातच दाखवलं होतं. पुढे ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेने अल्ट्राबॅटरी काढली. तिच्या निगेटिव्ह बाजूला शिशाच्या प्लेटीला जोडून कार्बनची प्लेट असते. अशी बॅटरी बसवलेली हायब्रीड मोटार इंग्लंडमधल्या चाचणी-रस्त्यावर एक लाख मैल चालवून पाहिली, २००८ साली ते पूर्ण झालं. म्हणजे "लेड कार्बन" या एकाच नावाखाली निरनिराळ्या रचना विकल्या जातात, हेही लक्षात ठेवा.

मग "कधी सल्फेट होत नाही" हे खरं का? नाही. कार्बन सल्फेशनचा वेग कमी करतो, थांबवत नाही. रोज थोडं खर्च, थोडं भर, असं चालू असलेल्या बॅटरीला त्याचा खरा फायदा. दोन महिने अर्धी भरून कोपऱ्यात ठेवलेली बॅटरी मात्र कार्बनवालीही खराब होणार, कदाचित जरा उशिरा. पॉझिटिव्ह प्लेटीला तर या कार्बनाची मदतच नाही. तिची जाळी गंजणं, पेस्ट गळणं चालूच राहतं. आणि आधीच कडक झालेली जुनी बॅटरी लेड कार्बन होत नाही, तिच्यात वरून पावडरी टाकून पैसे घालवू नका.

कार्बनला एक किंमतही मोजावी लागते. त्याच्या पृष्ठभागावर हायड्रोजन सहज सुटतो, म्हणून जास्त कार्बनवाली बॅटरी जास्त चार्ज केली तर पाणी लवकर उडतं. पाणीवाली असेल तर महिन्यातून एकदा झाकणं उघडून बघा, डिस्टिल्ड वॉटरच घाला. सीलबंद असेल तर उडालेलं पाणी परत घालता येत नाही, म्हणून चार्जरचं व्होल्टेज कंपनीच्या कागदाप्रमाणेच ठेवा. पाणीवाल्या बॅटरीला अधूनमधून १५ व्होल्टच्या वर नेऊन चार्ज देतात, तो प्रकार सीलबंदला करू नये. बॅटरीच्या पेटीला वरच्या बाजूला हवेची वाट हवीच. शेजारी रॉकेलचा कॅन आणि हातात विडी, हे आम्ही जेटीवर पाहिलंय.

आता सभासदाचा हिशेब परत घ्या. बॅटरीत ५२ आहेत, म्हणजे ४८ भरायचे, चार्जिंगमधली घट धरून सुमारे ५५ एएच द्यावे लागतील. १० अँपिअरचा चार्जर लावला तर पहिले तीन-साडेतीन तास जोरात करंट जातो आणि बॅटरी ८० टक्क्यांच्या पुढे येते. मग काटा खाली येऊ लागतो आणि इथेच आपले लोक प्लग काढतात. आत राहिलेलं सल्फेट प्लेटीच्या खोलात असतं, ते सावकाश विरघळतं, म्हणून शेवटच्या थोड्या भरण्याला आणखी चार-सहा तास लागतात. नेमकं तेच राहून राहून पुढे खडा होतो. म्हणून आठवड्यातून एक रात्र पूर्ण चार्ज, करंट अगदी कमी होऊन तिथेच स्थिर राहीपर्यंत. बॅटरी साधी असो की लेड कार्बन.

त्यांना आम्ही आधी पॅनल सावलीतून हलवायला सांगितलं, त्याला पैसे लागत नाहीत. आठवड्याची पूर्ण चार्जिंग जमत असेल तर साधी बॅटरीही पुरली असती, असं आमचं मत. पण बॅटरी खांद्यावरून घरी न्यायची, तीही दर आठवड्याला, हे त्यांच्याच्याने होणार नव्हतं, पंधरा दिवसांनी मात्र जमणार होतं. अशांसाठी लेड कार्बनचे जास्तीचे पैसे वसूल होतात. ज्यांच्या ट्रॉलरचं इंजिन रात्रभर चालतं आणि अल्टरनेटर बॅटरी भरत राहतो, त्यांनी या फंदात पडू नये. त्यांनी आधी अल्टरनेटरचं रेग्युलेटर तपासून घ्यावं.

दुकानात जाल तेव्हा नुसत्या लेबलावर जाऊ नका. कार्बन निगेटिव्ह प्लेटीत आहे ना, अर्ध्या चार्जवर किती फेऱ्या टिकते ते कंपनीच्या कागदावर लिहिलंय का, आणि पूर्ण चार्ज किती दिवसांनी द्यायला सांगितलंय, एवढं विचारा. कागदच नाही म्हणाला तर पुढचं दुकान बघा.

घरी तपासायला मल्टीमीटर पुरतो. चार्जर आणि सगळे दिवे काढून बॅटरी तीन-चार तास स्वस्थ ठेवा आणि मग मोजा. पाणीवाली बॅटरी १२.७ च्या आसपास म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी. सीलबंद बॅटरीत हे आकडे जरा वर असतात. रात्रभर चार्ज करूनही १२.४ च्या वर टिकत नसेल तर कचेरीत घेऊन या. पाणीवाली असेल तर सहाही खणांचं ॲसिड हायड्रोमीटरने मोजून देऊ. एकच खण बाकीच्यांपेक्षा फार खाली असेल तर बिघाड त्या खणाचा, सगळे सारखेच खाली असतील तर सल्फेशनचा संशय.

पुढच्या ३१ मेला बॅटरी वर घेताना आधी पूर्ण चार्ज करा, वायर सोडवा, आणि जुलैच्या सुरुवातीला एकदा परत रात्रभर लावा. हायड्रोमीटर आणि १० अँपिअरचा चार्जर संस्थेत आहे, वहीत नाव लिहून न्यायचा आणि दुसऱ्या दिवशी आणून द्यायचा. मागच्या वेळचा हायड्रोमीटर ज्यांच्याकडे राहिलाय त्यांनीही आणून द्यावा.