टक्केवारी की ठरावीक शुल्क?

प्रश्न : एक छोटी संस्था ८ लाखांच्या सीएसआर निधीसाठी माझ्याकडून प्रस्ताव लिहून घेणार आहे. 'मंजूर झाला तर १० टक्के देऊ' म्हणतात. स्वीकारू का?

उत्तर : नको. हे ८० हजार येणार कुठून? देणगीदार मंजूर अंदाजपत्रकातल्या बाबींवरच खर्च मान्य करतो आणि प्रस्तावलेखन बहुधा मंजुरीआधीचा खर्च असतो. मग ती रक्कम दुसऱ्या नावाखाली दाखवली जाते आणि सनदी लेखापालाच्या विनियोग प्रमाणपत्रात अडकते. शिवाय नकार तुमच्या लेखनामुळेच येतो असे नाही.

कामाचे तास धरा. २५ तास, तासाला ६०० रुपये, म्हणजे १५ हजार. निम्मे आगाऊ, निम्मे मसुदा देताना, संस्थेच्या स्वतःच्या निधीतून. अहवालाचे शुल्क वेगळे ठरवा.

आगाऊ रक्कम घेण्याआधी मात्र संस्थेचे १२ए, ८०जी आणि CSR-1 नोंदणी क्रमांक मागा. ते नसतील तर कंपनी थेट सीएसआर निधी देऊ शकत नाही, प्रस्ताव कितीही चांगला असो. आधी नोंदणी करा, असे त्यांना स्पष्ट सांगा. अशी संस्था पुढचे काम घेऊन तुमच्याकडेच येते.