ओतकाम चालू असताना रामराम नको

शिरोली, गोकुळ शिरगाव नाहीतर उद्यमनगरात ज्या पोरापोरींना यंदा फाउंड्रीत पहिली नोकरी लागली आहे, त्यांना वाळूतला ओलावा, बेंटोनाइट, भट्टीचं तापमान हे सगळं कोणी ना कोणी शिकवेलच. भेटल्यावर रामराम कधी घालायचा आणि कधी गिळायचा, हे मात्र कोणी शिकवत नाही. मला ते माझ्या मिस्त्रींनी सांगितलं होतं, म्हणून तुम्हाला सांगतो.

आपली अडचण अशी की कोल्हापूरचा माणूस ओळखीच्या माणसाला मुकाट्यानं ओलांडून जात नाही. रस्त्यात मोटारसायकल आडवी लावून "काय भावा, कुठं निघालास?" विचारल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. न बोलता गेलं तर "लई भाव खातोय" हे ठरलेलं. ही सवय गेटच्या बाहेर चांगली, गेटपासून कपडे बदलायच्या खोलीपर्यंतही चांगली. ओतकामाच्या लायनीवर तिला आवरायचं.

का, ते समजून घ्या. बीडाचं मेटल साधारण 1350 ते 1400 अंश सेल्सिअसला साच्यात जातं. ओतणाऱ्यानं एकदा धार सोडली की साचा भरेपर्यंत ती तुटता कामा नये आणि वरचं तोंड मेटलनं भरलेलंच राहिलं पाहिजे. तोंड भरलेलं असलं की स्लॅग वर तरंगत राहतो. धार तुटली, तोंड रिकामं झालं की स्लॅग आणि हवा दोन्ही आत ओढले जातात. शिवाय आधी गेलेलं मेटल तेवढ्यात गारठतं आणि मागून आलेलं त्याच्याशी एकजीव होत नाही. कास्टिंगवर गोलसर कडांची बारीक रेघ दिसते, तो कोल्ड शट. कधी ती नॉकआउटनंतर दिसते, कधी मशिनिंगपर्यंत लपून राहते. तोवर कोण कुणाला काय बोललं, हे कुणाच्याही लक्षात नसतं.

आता तुम्ही तिथून जाताय. ओतणारा वयानं मोठा, ओळखीचा. तुम्ही हाक मारली, "मामा, रामराम!" भट्टीचा आणि पंख्यांचा आवाज, त्यात मामांच्या कानात प्लग. शब्द कळत नाहीत, पण कोणीतरी हाक मारली एवढं कळतं. माणूस मान वळवतो. मानेबरोबर खांदा वळतो आणि खांद्याबरोबर लॅडल. दुसरी गोष्ट आणखी वाईट. फाउंड्रीत मोठ्यानं मारलेली हाक म्हणजे धोका, अशी सगळ्यांची समजूत असते आणि ती तशीच राहिली पाहिजे. साचा फुटून मेटल गळू लागलं, वाटेत पाणी सांडलेलं दिसलं, तर बेंबीच्या देठापासून ओरडा. त्या ओरडण्याला किंमत राहावी म्हणून तरी एरवी गप्प राहा.

एक उदाहरण नीट बघा. समजा एस.जी. आयर्नची हीट आहे आणि एका लॅडलमधून आठ बॉक्स ओतायचे आहेत. मॅग्नेशियमची प्रक्रिया झाली की घड्याळ सुरू होतं, कारण मॅग्नेशियम हळूहळू उडून जातं. साधारण दहा मिनिटांत लॅडल रिकामा व्हायला हवा. नवीन पोरगा विचार करतो की धार चालू असताना बोलणार नाही, पण तिसरा बॉक्स संपून चौथा सुरू व्हायच्या मधल्या वेळात दोन शब्द बोलायला काय हरकत आहे? हरकत आहे. त्या मधल्या क्षणात ओतणारा पुढच्या बॉक्सचं तोंड शोधतोय, मेटलचा रंग बघतोय, किती बॉक्स उरले ते मनात मोजतोय. इथं गेलेला वेळ चौथ्या बॉक्सचा जात नाही, तो आठव्याच्या वाट्यातून जातो. मॅग्नेशियम कमी पडलं की ग्राफाइटच्या गोळ्या नीट बनत नाहीत. म्हणून तर तपासणीचा नमुना शेवटच्या मेटलचा घेतात. पहिला बॉक्स चांगला आला म्हणून आठवा चांगला असेल असं नाही.

मग ओळख द्यायची कशी? समोरून. पाठीमागून नाही, बाजूनं अचानक नाही. लॅडलच्या वाटेबाहेर थांबा आणि त्याची नजर आपोआप तुमच्यावर आली तरच मान एकदा खाली झुकवा. नजर आली नाही तर पुढे चला, थांबून वाट बघू नका. मान खालीच झुकवायची, हनुवटी वर उचलायची नाही. आपल्याकडे हनुवटी वर आणि भुवया वर म्हणजे "काय चाललंय?" हा प्रश्न झाला, आणि प्रश्नाला माणूस उत्तर शोधतो. खाली झुकलेल्या मानेला उत्तर लागत नाही. हसायचं असेल तर हसा, पण चेहऱ्यावर शिल्ड असेल तर ते त्याला नीट दिसणारही नाही, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. त्यानं मान परत हलवली नाही म्हणून तो रागावलाय असंही समजू नका. एका पोरानं दोन दिवस असा रुसवा धरला होता. मामांना पत्ताच नव्हता.

हात मात्र उचलायचा नाही, विशेषतः क्रेनखाली. क्रेनवाल्याला सिग्नल एकच माणूस देतो, पण "थांब" हा इशारा कुणाचाही आला तरी त्यानं मानायचा असतो. तुम्ही मित्राला दाखवलेला पंजा त्याला "थांब" वाटला तर भरलेला लॅडल झटक्यानं थांबतो आणि आतलं मेटल हिंदकळतं. तेव्हा क्रेन चालत असेल तिथं हात अंगाशी ठेवा, मान पुरे.

बोलायची वेळ कशी ओळखायची, हेही सांगतो. शेवटचा बॉक्स झाला, उरलेलं मेटल पिगच्या साच्यात ओतलं, माणसानं शिल्ड वर केली, हातमोजे काढून गळ्यातल्या टॉवेलनं तोंड पुसलं, की तो मोकळा झाला. शिल्ड वर झाली एवढ्यावर जाऊ नका, कधी कधी तो फक्त घाम पुसून पुन्हा खाली घेतो. हातमोजे निघाले की खात्री धरा. मग खुशाल विचारा, "काय मामा, जेवलासा का?"

डिस्पॅचला नियम थोडा वेगळा आहे. तिथं जीव जात नाही, पण मोजणी जाते. ट्रॉलीतले नग मोजणाऱ्याचं बोट आणि ओठ हलत असतील तर मुकाट जा. बोट थांबून पेन कागदाला लागलं की बोला. लॅबमध्ये स्पेक्ट्रोचा रिझल्ट यायची वाट बघणारी मुलगी मोकळी दिसली तरी तिकडे भट्टी अडून असते. एक "नमस्कार" चालेल, गप्पा नकोत.

राहिला प्रश्न भाव खाण्याचा. मानेची ओळख ही उधारी आहे, ती त्याच दिवशी फेडायची. चहाच्या सुट्टीला स्वतः उठून मामांकडे जा आणि "सकाळी ओतकाम चालू होतं, म्हणून बोललो नाही" एवढं म्हणा. जुनी माणसं लगेच ओळखतात की पोरगं कामातलं आहे. चहाचे पैसे बहुतेक तेच देतील, देऊ द्या.