फोटोतल्या काळ्याभोर केसांना महोगनी रंग: खर्च किती, वेळ किती, फसगत कुठे

रंग बदलायला दोन मिनिटं लागतात. वेळ आणि पैसा जातो तो मास्कवर, म्हणजे रंग कुठे लागावा आणि कुठे लागू नये हे ठरवणाऱ्या काळ्या-पांढऱ्या पडद्यावर. काम स्वतः करा किंवा स्टुडिओला द्या, हिशेब मास्कचा धरा. साधी भिंत मागे असेल आणि केस बांधलेले असतील, तर हात बसलेल्या माणसाला अर्धा तास पुरतो. मोकळे कुरळे केस आणि मागे झाडंझुडपं असतील, तर दोन तासही कमी पडू शकतात.

कागदपत्रं म्हणाल तर एकच हवं: मूळ फाइल. कॅमेऱ्याची रॉ फाइल असेल तर उत्तम, नाहीतर फोनमधली पूर्ण आकाराची जेपीजी. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने आलेला फोटो घेऊ नका. तो दाबलेला असतो, आणि दाबताना रंगाची माहिती सगळ्यात आधी कापली जाते. केसांवर रंग चढवला की तिथे चौकोनी ठिगळं दिसू लागतात. पाठवणाऱ्याला तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. आणि हे काम पासपोर्टच्या फोटोवर करू नका, तिथे संगणकावर फेरफार केलेला फोटो चालत नाही.

सॉफ्टवेअरचा खर्च शून्यही असू शकतो. फोटोपी ब्राउझरमध्ये फुकट चालतं. जाहिराती दिसतात, पण अॅडजस्टमेंट लेयर आणि मास्क दोन्ही मिळतात आणि फाइल तुमच्याच संगणकावर राहते. फोटोशॉप घेणार असाल तर करार वाचा. सात दिवसांची चाचणी संपली की पैसे आपोआप कापले जातात. दरमहा हप्त्याची जी स्वस्त योजना समोर ठेवली जाते, ती बहुधा वर्षभराची बांधिलकी असते. पैसे भरल्यापासून चौदा दिवसांत रद्द केलीत तर पूर्ण रक्कम परत मिळते. त्यानंतर उरलेल्या हप्त्यांच्या निम्मी रक्कम भरावी लागते, म्हणजे चार महिने वापरून सोडलंत तर आणखी चार महिन्यांचे पैसे. हे शुल्क ग्राहकांपासून दडवलं, असा आरोप करत अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२४च्या जूनमध्ये अडोबीवर खटला भरला होता. एकाच फोटोसाठी या करारात शिरू नका.

आता काम. पुढचे आकडे फोटोशॉपचे आहेत. उदाहरण आपल्याकडचं नेहमीचं घेऊ: काळेभोर मोकळे केस, मधोमध भांग, मागे फिकट भिंत, रंग हवा महोगनी.

Hue/Saturation लेयर टाकून Hue ची पट्टी सरकवलीत तर काहीच घडल्यासारखं वाटणार नाही. काळ्या केसांत लाल, हिरवा, निळा जवळजवळ सारखेच असतात, त्यामुळे फिरवायला रंगच नसतो. म्हणून Colorize वर टिक करा, Hue १४, Saturation ३५ ठेवा आणि Lightness शून्यावरच राहू द्या. केस उजळ करायला Lightness वाढवण्याचा मोह होतो, पण ती पट्टी सगळ्यात सारखाच पांढरा मिसळते. गडद सावल्या राखाडी होतात आणि केसांवर पीठ सांडल्यासारखं दिसतं.

उजेड Curves लेयरने आणा आणि तो लेयर Hue/Saturation च्या खाली ठेवा. रेषेवर ४०चा बिंदू ७५पर्यंत उचला, २००चा बिंदू २०५च्या आसपास धरून ठेवा, शून्याला हात लावू नका. मधल्या बटा उजळतात, खोल सावल्या काळ्याच राहतात, आणि काळं काळं राहिलं की केस खरे वाटतात. इथेच या पद्धतीची मर्यादाही कळते. उजेड वाढवला की सावलीतले दाणे वर येतात, फोनच्या फोटोत तर जास्तच. काळ्यावरून तपकिरी, महोगनी, बरगंडी नीट जमतं. सोनेरी जमत नाही, कारण काळ्या भागात तेवढे तपशीलच नसतात. ‘काळ्याचा सोनेरी करून देतो’ असं कुणी स्वस्तात सांगत असेल तर आधी नमुना मागा.

दोन्ही लेयर निवडून Ctrl+G ने ग्रुप करा. मास्क ग्रुपलाच लावायचा, म्हणजे एकाच मास्कवर दोन्हींचं भागतं. आता फोटोच्या लेयरवर येऊन Quick Selection ने केस ढोबळ निवडा आणि Select and Mask उघडा. Refine Edge Brush फक्त बाहेरच्या भुरभुरत्या कडेवर फिरवा, कपाळावर नको. तिथे तो त्वचेलाही केस समजतो. Decontaminate Colors बंद ठेवा. ते मूळ रंगच बदलून नवा लेयर काढतं आणि फाइल फुगवतं, इथे त्याची गरज नाही. Output To मध्ये Selection निवडा, मग ग्रुपवर क्लिक करून मास्क जोडा.

मास्क पारखायची एक पक्की युक्ती आहे. थोड्या वेळासाठी Hue १२० आणि Saturation १०० करा. केस भडक हिरवे होतील, आणि महोगनीत लपलेली प्रत्येक चूक उघडी पडेल: कानाच्या पाळीवर सांडलेला हिरवा, रंगलेला भांग, काळीच राहिलेली एखादी बट. गजरा असेल तर त्याची पाकळी न पाकळी तपासा, नाहीतर छापल्यावर फुलं वाळलेली दिसतील. सांडलेल्या जागी मास्कवर मऊ काळा ब्रश फिरवा, सुटलेल्या जागी पांढरा. कपाळाच्या कडेला Flow दहा-पंधरा टक्क्यांवर ठेवा, कारण तिथे केस विरळ होत त्वचेत मिसळतात. कडक कड आली की विग घातल्यासारखं दिसतं. समाधान झालं की आकडे पुन्हा १४ आणि ३५ करा.

एक गोष्ट अजून राहते, आणि बरेच जण नेमकी तीच सोडतात. केसांवरची चकाकी बरीचशी दिव्याचा रंग घेते, केसांचा नाही. ती लाल झाली की केस प्लास्टिकचे वाटतात. Hue/Saturation लेयरच्या मोकळ्या जागी डबल-क्लिक करा. Blend If मध्ये Underlying Layer चा पांढरा त्रिकोण Alt धरून दुभंगा आणि डावा अर्धा साधारण १७०वर आणा. उजळ चकाकीवरून रंग हळूहळू उतरेल. भुवया तशाच राहू द्या. केस रंगवलेल्या माणसाच्या भुवया बहुधा मूळ रंगाच्याच असतात.

स्टुडिओला काम देताना दर विचाराच, पण त्याआधी तीन गोष्टी ठरवा. दर फोटोमागे की तासाला? छटा बदलून हवी असेल तर पुन्हा पैसे लागणार का? आणि लेयरसकट पीएसडी फाइल मिळणार का? तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. मास्क तयार असेल तर महोगनीची बरगंडी करणं म्हणजे फक्त Hue १४वरून ३४५वर नेणं. हातात नुसती जेपीजी असेल तर त्याच कामाचे पूर्ण पैसे पुन्हा मोजावे लागतात. ‘फाइल देत नाही’ म्हणत असतील तर निदान दोन-तीन छटा त्याच दरात घ्या.

मोठी प्रिंट काढणार असाल तर आधी चार बाय सहाची एक काढून घ्या. स्क्रीनवर दिसणारा गडद लालसर रंग कागदावर बरेचदा नुसता काळा उतरतो. तसं झालं तर Curves चा ७५चा बिंदू थोडा वर घ्या, Saturation ला हात लावू नका, आणि मगच मोठी प्रिंट सांगा.