डोकं मोठं, मान बारीक

फोटो होता एका आजोबांचा: गांधी टोपी, जाड काळ्या काड्यांचा चष्मा, धोतर, हातात काठी. नातीला त्यांची सहा सेंटिमीटरची चिबी बाहुली हवी होती, शिवाय घरातल्या सगळ्यांसाठी त्याच चित्राचे ॲक्रिलिक किचेन. काम घेतलं नाशिकच्या एका चित्रकार ताईंनी. कागदावर आजोबा झकास उतरले. रेझिनमध्ये छापून आलेली पहिली बाहुली मात्र टेबलावर उभीच राहीना, आणि दुसऱ्यांदा कलंडली तेव्हा मानेत मोडली.

कारण साध्या हिशेबात होतं. चिबीत अख्खी आकृती साधारण दोन ते तीन डोक्यांएवढी असते. ताईंनी दोनचं प्रमाण घेतलं होतं, म्हणजे तीन सेंटिमीटर डोकं आणि तीन सेंटिमीटर धड. उंची निम्मी-निम्मी, पण वजन तसं वाटलं जात नाही. तीन सेंटिमीटर व्यासाचा भरीव गोळा सोळा ग्रॅमच्या आसपास भरतो; त्याखालचं दीड सेंटिमीटरही रुंद नसलेलं धड जेमतेम पाच ग्रॅमचं. गुरुत्वमध्य मानेच्याही वर, थेट हनुवटीत जाऊन बसतो. अशी बाहुली इवल्या पावलांवर उभी केली, तर दहा अंश कलताच आडवी होते.

जपानच्या ‘नेंडोरॉइड’ बाहुल्या २००६पासून निघताहेत. जेमतेम दहा सेंटिमीटरच्या या मोठ्या डोक्याच्या बाहुल्यांसोबत आधाराचा स्टँड येतो, तो उगाच नव्हे.

ताईंनी डोकं आतून पोकळ केलं आणि भिंत दोन मिलिमीटर जाडीची ठेवली. सोळा ग्रॅमचं डोकं सहा ग्रॅमच्या आत आलं. पायाखाली तीन सेंटिमीटर व्यासाची चकती दिल्यावर बाहुली पंचवीस अंशांहून अधिक कलूनही सावरू लागली.

‘‘पण पोकळ म्हणजे बंद नव्हे,’’ त्या बजावतात. ‘‘आत कच्चं रेझिन अडकलं, तर ते पुढे भेगा पाडतं, पाझरतंही. मी टोपीच्या मागच्या काठाखाली तीन मिलिमीटरची दोन छिद्रं ठेवली. एकातून हवा आत जाते, दुसऱ्यातून रेझिन बाहेर येतं. आतून धुऊन, वाळवून, प्रकाशात पक्कं केल्यावरच ती बुजवायची.’’

मानेचा प्रश्न वेगळा. धड आक्रसताना मानही त्याच मापाने आक्रसली होती, चार मिलिमीटरवर आली होती. गोल दांड्याची वाकण्याला तोंड देण्याची ताकद व्यासाच्या घनाने वाढते. चारचे आठ मिलिमीटर केले की मान दुप्पट नव्हे, आठपट मजबूत होते. एवढी जाड मान विचित्र दिसेल, म्हणून ताईंनी आजोबांच्या खांद्यावर उपरणं टाकलं आणि त्याच्या घड्या थेट हनुवटीखाली नेऊन भिडवल्या. फोटोत उपरणं नव्हतं, पण नातीने हरकत घेतली नाही. एखाद्या मुलीच्या बाहुलीत हेच काम मोकळे केस किंवा ओढणी करते.

चष्म्याच्या काड्या या मापात खऱ्या प्रमाणाने केल्या, तर केसाएवढ्या होतील. त्या चेहऱ्यालाच उठावात चिकटवल्या. काठीही सुटी न ठेवता धोतराच्या निऱ्यांना टेकवली. डोळे डोक्याच्या मध्याखाली उतरवले, नाक फक्त ठिपका. ओळख टिकली ती टोपीच्या कलामुळे, चष्म्यामुळे आणि मिशीच्या वळणामुळे. बाकी चेहऱ्याचा आग्रह ताईंनी सोडूनच दिला, आणि ते बरंच झालं. फोटो मात्र त्यांनी दुसरा मागवला. हातभर अंतरावरच्या सेल्फीत नाक फुगतं, कान मागे पडतात. पावणेदोन-दोन मीटरवरून झूम करून काढलेल्या फोटोत प्रमाणं खरी येतात.

किचेनला ना वजनाची भानगड, ना मानेची. तीन मिलिमीटरच्या पारदर्शक पत्र्यावर चित्र छापतात आणि त्याच्या कडेबाहेर दोनेक मिलिमीटर जागा सोडून कापतात. काठी आणि पाय यांच्यामधली फट कोरायची नसते. ती पारदर्शकच भरून ठेवली की काठी मोडत नाही.

इथे घात झाला तो पांढऱ्या रंगाचा. छपाईयंत्राच्या लेखी पांढरं म्हणजे शाई नाही. नमुन्याचं किचेन काळ्या बॅगेला अडकवलं, तर आजोबांची टोपी आणि धोतर गायब, आणि डोळ्यांत बॅगेचा काळा रंग! रंगांमागे पांढऱ्या शाईचा वेगळा थर लागतो, आणि फाइलमध्ये तो वेगळा लेअर म्हणून द्यावा लागतो. तो रंगीत कडेपेक्षा किंचित आत घ्यायचा, नाहीतर आकृतीभोवती पांढरी किनार डोकावते.

आता ताई प्रत्येक दुकानाला आधी विचारतात, की पांढरा थर तुम्ही बनवता की आम्ही द्यायचा. कडीचं भोकही त्या स्वतःच आखून देतात: अगदी टोपीच्या टोकावर नव्हे, तर आकृतीच्या गुरुत्वमध्याच्या नेमकं वर. काठीच्या बाजूला पत्रा जास्त असल्यामुळे आजोबांचं भोक मधल्या रेषेपासून थोडं काठीकडे सरकलं.