अक्षरांशिवाय ओआरएस: दीड मिनिटाच्या व्हिडिओची पटकथा

पावसाळा सुरू झाला की गावात लहान मुलांना जुलाब सुरू होतात आणि आशाताई घरोघरी ओआरएसची पुडी देतात. पुडी घरात पोहोचते, पण तिच्यावरची सूचना बऱ्याच घरांत कुणी वाचत नाही. चोपडा, यावल, शिरपूर, साक्री या तालुक्यांत घरात अहिराणी किंवा पावरी बोलतात, त्यामुळे वाचता येणाऱ्यालाही पुडीवरची भाषा परकीच वाटते. म्हणून अक्षरं जवळपास नसलेला व्हिडिओ कसा लिहायचा ते या पाठात पाहू.

आधी एक ठरवा: व्हिडिओनंतर आईच्या हातून नेमकं काय घडायला हवं? आपलं उत्तर असं: एक पुडी, एक लिटर पाणी. झिंकच्या गोळ्या 14 दिवस द्यायच्या असतात, तेही महत्त्वाचं आहे, पण त्याचा व्हिडिओ वेगळा करा. दोन्ही एकत्र केले तर दोन्ही विसरले जातात.

खरी अडचण 'एक लिटर' दाखवण्याची आहे. पुडी पेलाभर पाण्यात टाकली तर द्रावण फार खारट होतं आणि बाळाच्या अंगात मीठ वाढून त्रास होऊ शकतो. हंडाभर पाण्यात टाकली तर द्रावण पातळ होऊन उपयोग कमी होतो. तांब्या दाखवून चालत नाही, कारण प्रत्येक घरचा तांब्या वेगळा. थंड पेयाच्या बाटल्याही वेगवेगळ्या मापाच्या असतात. त्यापेक्षा दूधवाल्याचं लिटरचं माप दाखवा, ते न वाचता ओळखू येतं. मापानं पाणी घरच्या पातेल्यात ओतायचं आणि पाणी जिथवर आलं तिथे बाहेरून कोळशानं रेघ मारायची. पुढच्या वेळी माप मागायला जावं लागत नाही.

आता पटकथा. कॅमेरा आईच्या खांद्यामागून, म्हणजे तिला स्वतःचे हात दिसतात तसाच ठेवा. आधी पूर्ण बाई दिसू द्या, मग कॅमेरा हळूहळू हातांजवळ न्या. एकदम मोठा हात किंवा मोठी पुडी दाखवली तर ती वस्तू खरंच तेवढी मोठी आहे, असा समज होऊ शकतो.

दृश्य 1: अंगणात दीड वर्षाचं बाळ. आई त्याला धुऊन आत आणते आणि साबणानं हात धुते.

दृश्य 2: उकळून गार केलेलं पाणी मापात काठोकाठ भरते, पातेल्यात ओतते आणि रेघ मारते. इथे घाई नको, 15 सेकंद द्या.

दृश्य 3: पुडी फाडते, पूर्ण उलटी करते, दोनदा टिचकी मारते. रिकामी पुडी कॅमेऱ्यासमोर धरते.

दृश्य 4: ढवळते, झाकते. वाटी-चमच्यानं घोट घोट पाजते. बाळ ओकतं. आई त्याला कडेवर घेऊन थोडा वेळ फिरवते (प्रत्यक्षात दहा मिनिटं थांबायचं) आणि पुन्हा चमचा पुढे करते, आधीपेक्षा सावकाश. नंतर अंगावरही पाजते.

दृश्य 5: सूर्य मावळतो, रात्र होते, कोंबडा आरवतो. उरलेलं पाणी आई झाडाच्या बुडाशी ओतते आणि नवी पुडी फाडते. '24 तास' हे शब्द कुठेही लागत नाहीत.

दृश्य 6: दुसरं बाळ, डोळे खोल गेलेले, मान टाकलेली, चमचा तोंडाला लावला तरी पीत नाही. आई पातेलं तिथेच सोडून बाळाला उचलते आणि 108 च्या गाडीकडे धावते.

आवाज एकाच बाईचा, अहिराणीत: "एक पुडी, एक लिटर पानी." एवढंच, तीन वेळा. पडद्यावर फक्त 108, तोही इंग्रजी आकड्यांत, कारण मोबाईलवर आणि गाडीवर तसाच दिसतो.

अर्धी पुडी टाकणारी बाई दाखवून वर लाल फुली मारायचा मोह होतो. तो टाळा. फुलीचा अर्थ शाळेत शिकलेला असतो. ज्यानं तो शिकलेला नाही त्याच्या लक्षात कृतीच राहते. म्हणून तर दृश्य 3 मध्ये पुडी उलटी करून झटकायची.

एक मर्यादा आहे. दुकानात 200 मिलिलीटरसाठीची लहान पुडीही मिळते. ती लिटरभर पाण्यात टाकली तर द्रावण पाचपट पातळ होईल. त्यामुळे आशाताईंकडची एक लिटरची पुडीच चित्रित करा आणि दुकानची पुडी वापरण्याआधी आशाताईंना दाखवायला सांगा.

तपासणी कशी करायची? बांगलादेशात 1980 नंतर ब्रॅक संस्थेच्या कार्यकर्त्या घरोघरी जाऊन मीठ-गुळाचं पाणी शिकवत. नंतर दुसरी माणसं जाऊन आईला किती आठवतं ते बघत आणि त्यावर कार्यकर्तीचा मोबदला ठरे. आपण एवढंच करू: व्हिडिओ आवाज बंद करून पाच-सहा आयांना दाखवायचा. "समजलं का?" विचारायचं नाही, सगळ्या हो म्हणतात. समोर पुडी, माप, पेला आणि दोन वेगवेगळी पातेली ठेवायची आणि म्हणायचं, "ताई, करून दाखवा ना." दोघींचा हात पेल्याकडे गेला तर दृश्य 2 पुन्हा चित्रित करायचं.