टी की काई-वर्ग? प्रश्न वाचताना वहीत काय लिहिलंय ते बघा



गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या शाळेतल्या एक मॅडम सेट परीक्षेची तयारी करत होत्या. दहा वर्षं नोकरी झालेली, घर, मुलं सगळं सांभाळून अभ्यास. सूत्रं तोंडपाठ. प्रमाण विचलन काढायला सांगा, चुटकीसरशी काढतील. पण "पुढील संशोधनासाठी कोणती परीक्षिका योग्य ठरेल?" असा प्रश्न आला की गाडी अडायची. एकदा मला म्हणाल्या, "सर, मी सोपा नियम पाठ केलाय. प्रश्नात 'तुलना' शब्द आला की टी, 'संबंध' शब्द आला की काई-वर्ग. तरी निम्मे प्रश्न चुकतातच."

निम्मेच चुकतात हे नशीब म्हणायचं. कारण तो नियमच चुकीचा आहे. आणि हा नियम आपल्याकडे बऱ्याच जणांनी पाठ केलेला असतो. बी.एड., एम.एड. करणारे, मानसशास्त्र घेतलेली मुलं, कृतिसंशोधनाचा अहवाल लिहिणारे आपण सगळेच.

हे दोन प्रश्न बघा.

पहिला: शहरी व ग्रामीण विद्यार्थी ग्रंथालयाचा नियमित वापर करतात का, याची तुलना करायची आहे.
दुसरा: माध्यम (मराठी किंवा सेमी इंग्रजी) आणि गणितातील गुण यांचा संबंध तपासायचा आहे.

मॅडमच्या नियमानुसार पहिल्याला टी, दुसऱ्याला काई-वर्ग. प्रत्यक्षात अगदी उलट! पहिल्याला काई-वर्ग लागतो, दुसऱ्याला टी.

मग ओळखायचं कसं? मी मॅडमना एकच सांगितलं. प्रश्नातला संशोधक डोळ्यासमोर आणा. त्याच्या हातात वही आहे. तो एका विद्यार्थ्याजवळ जातो आणि वहीत काहीतरी लिहितो. त्या एका विद्यार्थ्यासमोर तो काय लिहितो?

ग्रंथालयाच्या प्रश्नात तो लिहितो, "शहरी, हो" किंवा "ग्रामीण, नाही". या नोंदींची सरासरी काढता येते का? 'हो'ची सरासरी काय काढणार? फक्त डोकी मोजता येतात. किती जण 'हो', किती जण 'नाही'. डोकी मोजायची असली की काई-वर्ग. गणिताच्या प्रश्नात तो लिहितो, "मराठी माध्यम, 62 गुण". इथे गट दोन आहेत आणि प्रत्येकासमोर एक संख्या आहे, तिची सरासरी काढता येते. म्हणजे दोन मध्यमानांतला फरक तपासायचा, म्हणजे टी. (गट तीन किंवा जास्त असतील तर प्रसरण विश्लेषण. आणि प्रत्येकासमोर दोन्ही नोंदी संख्याच असतील, उदा. अभ्यासाचे तास आणि गुण, तर सहसंबंध गुणांक.)

इथे एक फसगत होते. काई-वर्गाच्या प्रश्नातही आकडे असतातच: "40 पैकी 26 विद्यार्थी". आकडा दिसला की मुलांना वाटतं, संख्या आहे म्हणजे टी. पण 26 हा आकडा कुठल्याही एका मुलासमोर लिहिलेला नाही. तो मुलं मोजून आलेला आहे. म्हणूनच मी 'एका विद्यार्थ्यासमोर' या शब्दांवर इतका जोर देतो.

आता तोच प्रश्न आकड्यांनिशी सोडवू. आकडे मी सरावासाठी घेतलेत. 40 शहरी विद्यार्थ्यांपैकी 26 जण ग्रंथालय नियमित वापरतात, 14 नाही. 40 ग्रामीण विद्यार्थ्यांपैकी 18 वापरतात, 22 नाही. एकूण 80 मुलं, त्यांत 'हो' 44 आणि 'नाही' 36. जर गावा-शहराचा काहीच फरक पडत नसता, तर 44 'हो' दोन्ही गटांत सारखे वाटले गेले असते, म्हणजे 22-22. 'नाही' 18-18. या झाल्या अपेक्षित वारंवारता. प्रत्येक चौकटीत प्रत्यक्ष आणि अपेक्षित यांत 4 चा फरक आहे. त्याचा वर्ग 16. त्याला अपेक्षित संख्येने भागा आणि चारही चौकटींची बेरीज करा:

```
16/22 + 16/22 + 16/18 + 16/18 = 3.23
```

स्वाधीनता मात्रा 1 असताना 0.05 स्तरावर सारणीतलं मूल्य 3.84 आहे. आपलं 3.23 त्यापेक्षा कमी. म्हणजे शून्य परिकल्पनेचा त्याग करता येत नाही.

आता गंमत बघा. खूप जण चौकटीत मुलांची संख्या न लिहिता टक्केवारी लिहितात, कारण अहवालात टक्केवारी छान दिसते. 65 आणि 35, 45 आणि 55. याच पद्धतीने गणित करा, उत्तर 8.08 येतं. 0.01 स्तरावरचं सारणी मूल्य 6.63. म्हणजे आता तोच फरक 'अत्यंत सार्थक' ठरला! मुलं तीच, उत्तरं तीच. फक्त 80 मुलांची आपण नकळत 200 केली. न विचारलेली 120 मुलं आपण कागदावर उभी केली, म्हणून निष्कर्ष फिरला.

हे पकडायची खूण सोपी आहे. चौकटींतल्या सगळ्या संख्यांची बेरीज ही प्रत्यक्ष माणसांच्या संख्येइतकीच आली पाहिजे. परीक्षेत असो वा स्वतःच्या अहवालात, ही बेरीज आधी करा. (अपेक्षित वारंवारता फार लहान, साधारण 5 पेक्षा कमी असेल तरी काई-वर्गावर विसंबू नये, हेही लगे हाथ लक्षात ठेवा.)

याच बेरजेने आणखी एक फसवा प्रश्न पकडता येतो. "50 पालकांना कार्यशाळेपूर्वी विचारले, तुम्ही मुलांना रोज वाचून दाखवता का? कार्यशाळेनंतर त्याच पालकांना पुन्हा विचारले." आधीचे हो-नाही, नंतरचे हो-नाही अशा चार चौकटी केल्या तर बेरीज 100 येते. पालक तर 50 च! प्रत्येक पालक दोनदा मोजला गेला. इथे नेहमीचा काई-वर्ग चालत नाही, मॅक्‌नेमार परीक्षिका लागते. ती फक्त मत बदललेल्या पालकांकडे बघते: 'नाही'चे 'हो' किती झाले आणि 'हो'चे 'नाही' किती.

म्हणजे दुसरा प्रश्न आपोआप समोर आला: तोच माणूस वहीत दोनदा आलाय का? टी परीक्षिकेत तर या प्रश्नावर सगळं अवलंबून आहे. गट वेगळे असतील तर स्वतंत्र गटांची टी, तीच मुलं पूर्व चाचणी आणि उत्तर चाचणीत असतील तर जोडीची टी. "टी परीक्षिका" एवढंच उत्तर लिहिलं तर ते अर्धंच झालं.

यासाठी मी नेहमी एक खरं उदाहरण देतो. डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कंपनीत काम करणाऱ्या विल्यम गॉसेट यांनी 1908 मध्ये 'स्टूडंट' या टोपणनावाने जो लेख लिहिला, त्यातून टी परीक्षिका पुढे आली. त्या लेखात 10 रुग्णांची माहिती वापरली आहे. प्रत्येक रुग्णाला झोपेची दोन औषधं वेगवेगळ्या वेळी दिली आणि किती तास जास्त झोप लागली ते नोंदवलं. पहिल्या औषधाची सरासरी 0.75 तास, दुसऱ्याची 2.33 तास. फरक 1.58 तासांचा.

समजा, एखाद्याने प्रश्न घाईत वाचला आणि हे 10 अधिक 10 असे वेगळे रुग्ण धरले. टी मूल्य 1.86 येतं. स्वाधीनता मात्रा 18, सारणी मूल्य 2.10. निष्कर्ष: फरक सार्थक नाही. आता नीट वाचून, तेच रुग्ण आहेत हे ओळखून प्रत्येकाचा स्वतःचा फरक काढला, तर टी मूल्य 4.06 येतं. स्वाधीनता मात्रा 9, सारणी मूल्य 2.26. फरक स्पष्टपणे सार्थक!

असं का होतं? कारण माणसामाणसांत मुळातच फार अंतर असतं. त्यातल्या एका रुग्णाला पहिल्या औषधाने 3.7 तास जास्त झोप लागली, तर एकाची 1.2 तासांनी कमीच झाली. या गोंधळात औषधांमधला फरक बुडून जातो. पण प्रत्येकाची तुलना त्याच्या स्वतःशीच केली की पहिल्याचे 3.7 वरून 5.5 झालेले दिसतात आणि दुसऱ्याचे उणे 1.2 वरून 0.1. दोघांचीही वाढ झालीय. वर्गात नाही का, हुशार आणि कच्च्या मुलांचे गुण एकत्र ठेवले की प्रगती दिसत नाही, पण प्रत्येकाचं मागचं प्रगतिपत्रक शेजारी ठेवलं की लगेच दिसते. तसंच हे.

प्रश्नपत्रिकेत 'जोडी' असा शब्द क्वचितच देतात. "त्याच विद्यार्थ्यांना", "प्रशिक्षणापूर्वी व नंतर", "जुळी भावंडे", "बुद्ध्यंकानुसार जुळवलेले विद्यार्थी" असे शब्द येतात. शेवटच्या दोघांत माणूस तोच नसतो, पण जोड्या लावलेल्या असतात, म्हणून तिथेही जोडीचीच टी.

आता एक प्रश्न, जो मॅडमना सगळ्यात जास्त छळायचा आणि आपल्या कृतिसंशोधनात तर हमखास असतो. "आठवी 'अ'च्या 35 विद्यार्थ्यांना गटकार्याने व 'ब'च्या 35 विद्यार्थ्यांना नेहमीच्या पद्धतीने शिकवले. दोन्ही तुकड्यांची पूर्व व उत्तर चाचणी घेतली. गटकार्य अधिक परिणामकारक आहे का?"

इथे वेगळे गटही आहेत आणि तीच मुलं दोनदाही आहेत! बरेच जण दोन्ही तुकड्यांना वेगवेगळी जोडीची टी लावतात. 'अ'मध्ये फरक सार्थक आला, 'ब'मध्ये नाही आला, म्हणून गटकार्य श्रेष्ठ, असं लिहून मोकळे होतात. हे चूक आहे. 'अ'चं टी मूल्य सारणीच्या जरासं वर आणि 'ब'चं जरासं खाली असेल, तर दोघांच्या प्रगतीत नावालाच फरक असू शकतो. दोन तुकड्यांची एकमेकींशी तुलना तर त्यांनी केलेलीच नाही.

मॅडमना मी पुन्हा वहीच आठवायला सांगितली. त्या थोडा वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, "प्रत्येक मुलासमोर उत्तर चाचणीतून पूर्व चाचणी वजा करून एकच आकडा लिहिते. मग प्रत्येक मूल एकदाच आलं. 'अ'चे 35 आकडे, 'ब'चे 35 आकडे."

"मग कोणती परीक्षिका?"

"स्वतंत्र गटांची टी. स्वाधीनता मात्रा 68."